निकाल लागेपर्यंत थांब म्हणतो, पण फोन रोज करतो

प्रश्न: तो पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. "आत्ता लग्नाचं बोलायची वेळ नाही, निकाल लागू दे" असं चौदा महिने म्हणतोय. पण रोज रात्री फोन असतोच. माझ्या घरी स्थळं येतायत. त्याची अडचण खरी आहे की सोयीचं कारण?

उत्तर:

त्याची अडचण खरी असेल. मी हे आधी सांगते, कारण याच जागी मी अडीच वर्षं काढली आणि त्यातली बरीचशी तो खोटं बोलतोय का, हे शोधण्यात घालवली. तो खोटं बोलत नव्हता. राज्यसेवेची पूर्व परीक्षा 5 एप्रिल 2020 ला व्हायची होती. आधी करोना, मग आरक्षणाच्या स्थगितीचा प्रश्न, असं करत ती पुढे पुढे जात राहिली. 11 मार्च 2021 ला, पेपर तीन दिवसांवर आलेला असताना, ती पुन्हा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं आणि पुण्यात शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली. तोही त्यात होता. रात्री मला फोन करून तो रडला. शेवटी परीक्षा 21 मार्चला झाली. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडत असताना "हा बहाणा आहे" असं म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती, आणि आजही म्हणणार नाही.

पण कारण खरं असूनही सोयीचं असू शकतं, हे मला फार उशिरा कळलं. अडचण खरी आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवा. ती नेमकी कशाला आड येते, ते बघा. परीक्षा लग्नाच्या आड येते, हे पटण्यासारखं आहे: नोकरी नाही, दर महिन्याचा खोलीचा आणि मेसचा खर्च घरून येतो, अशा वेळी वडिलांसमोर विषय काढणं सोपं नसतं. पण मोठ्या बहिणीला तुमचं नाव सांगायला परीक्षा आड येते का? दिवसा, अभ्यासिकेतल्या मित्रांसमोर तुमचा फोन घ्यायला येते का? आणि वेळच नाही, तर रात्रीच्या पाऊण तासाच्या फोनला ती आड का येत नाही? खरी अडचण दोघांनाही अडवते. तुम्हाला हवं ते तेवढं अडलेलं आणि त्याला हवं ते सगळं चालू, असं असेल, तर अडचण खरी असली तरी ती कुणाच्या सोयीने वापरली जातेय ते दिसतं.

मी एक काम केलं होतं, ते तुम्हीही करून बघा. वही घेऊन मोबाइलमधली फोनची यादी उघडली. यादीत जुनं सगळं राहत नाही, म्हणून बाकीचं मेसेज आणि आठवण यांवरून भरलं. एका बाजूला त्याचे फोन, दुसऱ्या बाजूला त्या काळात त्याचं काय चाललं होतं ते. माझी समजूत अशी होती की अभ्यासाचा ताण वाढला की फोन कमी होत असणार आणि तो मोकळा झाला की वाढत असणार. वहीत निघालं उलट. टाळेबंदीत तो गावी अडकला होता, तेव्हा रोज फोन. पेपरच्या आधीच्या पंधरा दिवसांत, म्हणजे एकेक तास मोलाचा असताना, जवळजवळ रोज रात्री फोन. आणि 21 मार्चला पेपर संपल्यावर, खरोखर मोकळा असताना, तीन आठवड्यांत दोन फोन. मित्र होते, फिरणं होतं, झोप होती. निकालात नाव नाही हे कळलं त्या रात्री साडेअकराला पुन्हा मेसेज आला, "झोपलीस का?"

मोकळा वेळ मिळाला की माणूस कुणाकडे जातो, हे तपासायला यापेक्षा चांगली जागा नाही. तुमच्या चौदा महिन्यांतही असे मोकळे आठवडे आलेच असतील: पूर्व परीक्षेनंतरचे, दिवाळीचे, गावच्या जत्रेचे. त्या आठवड्यांत फोन वाढले असतील, तो भेटायला आला असेल, तर माझं बोलणं तुम्हाला लागू नाही. मात्र या वहीतून त्याचं प्रेम आहे की नाही ते कळत नाही. तुमचा फोन त्याच्या कुठल्या गरजेला येतो, तेवढं कळतं.

आता "निकाल" या शब्दाबद्दल. निकाल ही तारीख नाही. पूर्व, मुख्य आणि मुलाखत असा एक फेरा संपायलाच वर्ष जातं, आणि नाव आलं नाही तर पुढचा प्रयत्न असतो. खुल्या गटाला यूपीएससीला वयाच्या 32 पर्यंत 6 वेळा बसता येतं, राज्यसेवेला 38 पर्यंत. त्यामुळे त्याला विचारा: कुठला निकाल? आणि नाव आलं नाही तर त्यानंतर काय? ज्याची अडचण प्रामाणिक आहे त्याने दुसऱ्या प्रश्नाचा विचार तुमच्याआधी केलेला असतो, कारण त्याला तो प्रश्न रोज छळतो. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीच्या बाबतीत मी हे पाहिलंय. त्या मुलाच्या वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. त्याने तिला स्पष्ट सांगितलं, "वर्षभर मला काहीच ठरवता येणार नाही. तू माझ्यासाठी स्थळं नाकारू नकोस," आणि फोन बंद केले. तिला खूप लागलं होतं ते. पण थांबायचं की नाही, हे ठरवणं त्याने तिच्या हातात दिलं होतं. आठ महिन्यांनी तो आला, तो आईला घेऊनच.

तुमच्याकडून सध्या दोन्ही गोष्टी जातायत, स्थळंही आणि रात्रीची झोपही. मी त्या काळात तीन स्थळं पत्रिका जुळत नाही म्हणून परतवली. त्याला त्यातल्या एकाचीच माहिती होती, आणि ते ऐकून तो "तुझी मर्जी" म्हणाला. त्या दोन शब्दांवर मी तेव्हाच थांबायला हवं होतं.

म्हणून भांडू नका, रडू नका, दिवसाउजेडी बोला. सांगा की अभ्यासाच्या आड मला यायचं नाही, तेव्हा परीक्षेपर्यंत रात्रीचे फोन नकोत; आणि थांबायचं असेल तर तुझ्या घरातल्या एका माणसाला माझ्याबद्दल माहिती हवी. या दोन्ही गोष्टींना परीक्षा आड येत नाही. पहिल्याला होकार आणि दुसऱ्यासाठी चार दिवसांचा अवधी, असं उत्तर आलं तर तो अवधी जरूर द्या. घरी बोलायला धीर गोळा करावा लागतो. फोन बंद झाल्याचाच राग आला, किंवा आठ-दहा दिवस गप्प राहून पुन्हा रात्री साडेअकराला "झोपलीस का" आलं, तर घरच्यांना सांगा की पुढच्या स्थळाला मी बसते.

मी हेच बोलले होते, अलका चौकात, संध्याकाळी सहाला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बहिणीला सांगण्याबद्दल तो काहीच बोलला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "अगं, पण मग मी रात्री बोलू कुणाशी?"