एक्सचेंज ओळखपत्र का मागतं, आणि एकदा देऊनही पुन्हा का विचारतं?

प्रश्न: मला थोडेसेच बिटकॉइन घ्यायचेत. एक्सचेंजनं पासपोर्ट आणि सेल्फी मागितली, आता पैसे कुठून आले तेही विचारतायत. ब्लॉकचेनवर सगळं उघडच असतं ना, मग माझी कागदपत्रं कशाला?

ब्लॉकचेनवर व्यवहार उघडे असतात, माणसं नाही. या पत्त्यावरून त्या पत्त्यावर 0.4 बिटकॉइन गेले हे कुणालाही दिसतं; पण पत्ता कुणाचा, ते तिथं लिहिलेलं नसतं. पत्त्याला नाव जोडलं जातं ते मुख्यतः एक्सचेंजवर, जिथं बँकेतला पैसा क्रिप्टो होतो किंवा क्रिप्टो विकून पैसा बँकेत जातो. फसवणुकीतून आलेली रक्कम शंभर पत्त्यांवरून फिरवली, तरी मोठी रक्कम खर्चायची म्हटली की बहुधा अशाच एखाद्या दारातून बाहेर काढावी लागते. त्या दारात नाव विचारलं नाही, तर तपास तिथंच अडतो. बीटीसी-ई नावाचं एक्सचेंज असंच चालायचं. खात्यासाठी युजरनेम, पासवर्ड आणि ईमेल पुरे. 2017 साली अमेरिकेच्या फिनसेन या आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेनं त्याला सुमारे 11 कोटी डॉलरचा दंड ठोठावला. माउंट गॉक्स या दुसऱ्या एक्सचेंजमधून चोरीला गेलेल्या बिटकॉइनशी धागा जुळणारे तीन लाखांहून जास्त बिटकॉइन तिथून फिरले होते.

आता तुमच्या ‘थोडेसेच’बद्दल. मनी लाँडरिंगविरोधी नियमांचा साचा एफएटीएफ ही आंतरसरकारी संस्था ठरवते आणि देश आपापल्या कायद्यात तो उतरवतात. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये क्रिप्टो एक्सचेंजही त्या साच्यात आली. पुढच्या वर्षी असं ठरलं, की खातं न उघडता एखादाच व्यवहार करणाऱ्याची तपासणी 1,000 डॉलर किंवा युरोच्या वर करायची. पण खातं उघडलंत की तुम्ही कायमचे ग्राहक, आणि त्यांच्यासाठी अशी किमान रक्कम नाही. म्हणून पन्नास डॉलरचे बिटकॉइन घेणाऱ्यालाही खातं उघडतानाच ओळख विचारली जाते. मोठ्या रकमा छोट्या तुकड्यांत फोडणं ही लाँडरिंगची जुनीच युक्ती असल्यामुळे रक्कम लहान आहे, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

कागदपत्रांची तपासणी नेमकी कशी होते हे पाहिलं, की फोटो वारंवार का नाकारला जातो तेही कळतं. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी `<<<` अशा खुणांच्या दोन ओळी असतात. त्यातल्या जन्मतारखेशेजारी एक तपासणीचा अंक असतो. समजा तारीख 12 ऑगस्ट 1974 आहे, म्हणजे तिथं `740812` छापलेलं असणार. प्रत्येक अंकाला क्रमानं 7, 3, 1, 7, 3, 1 नं गुणायचं: 49, 12, 0, 56, 3 आणि 2. बेरीज 122, तिचा शेवटचा अंक 2. म्हणून तारखेपुढे `2` छापलेला असतो. कुणी 74 चं 84 केलं तर बेरीज 129 होते आणि तिथं `9` हवा. कच्ची बनावट इथंच सापडते. पक्का बनावटखोर हाही अंक बदलतो, म्हणून अक्षरांचा ठसा, फोटोच्या कडा, शक्य असेल तिथं पासपोर्टमधली चिप, असं बाकीचंही तपासावं लागतं.

पण हीच पद्धत प्रामाणिक माणसालाही अडवते. दिव्याची तिरीप पानावर पडली आणि मशीननं `8` चा `3` वाचला, की बेरीज चुकते आणि अर्ज परत येतो. तोच फोटो पुन्हा पाठवून उपयोग नसतो. पान सपाट ठेवा, उजेड बाजूनं येऊ द्या, चारही कोपरे चौकटीत घ्या आणि फ्लॅश बंद ठेवा. नाव अर्जातही पासपोर्टवर आहे तसंच लिहा. अर्जात फक्त नाव-आडनाव आणि पासपोर्टवर वडिलांचंही नाव, एवढ्या फरकानंही तपासणी माणसाच्या टेबलावर जाते आणि दिवस मोडतात. सेल्फीचं काम वेगळं: कागद धरणारा माणूस जिवंत आहे आणि कागदावरचाच आहे, हे पाहणं. मान वळवायला लावतात ती छापील फोटो कॅमेऱ्यासमोर धरणाऱ्यांसाठी.

एवढं होऊनही केवायसीचं एक मोठं भोक उरतं: खरा माणूस, खरे कागद, पण खातं दुसऱ्याच्या कामाला. याला म्यूल खातं म्हणतात. एक काल्पनिक उदाहरण घ्या. बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं महिन्याचं उत्पन्न 300 डॉलर सांगून खातं उघडलं. कागद चोख. मग दोन दिवसांत नऊ वेगवेगळ्या नावांच्या बँक खात्यांवरून 900 ते 980 डॉलरच्या नऊ रकमा आल्या. प्रत्येक रकमेचे दहा मिनिटांत डॉलरशी बांधलेले स्टेबलकॉइन झाले आणि ते सगळे एकाच नव्या, बाहेरच्या पत्त्यावर गेले. यातली एकेक रक्कम पाहिली तर काहीच वावगं नाही. सांगितलेलं उत्पन्न, पाठवणाऱ्यांची नावं आणि बाहेर जायचा वेग एकत्र ठेवले की चित्र दिसतं: ते नऊ जण बहुधा फसवले गेलेले आहेत आणि विद्यार्थ्यानं कमिशनसाठी खातं वापरायला दिलंय. पहिली तक्रार झाली, की बँकेच्या नोंदीवरून पोलीस एक्सचेंजपर्यंत येतात, आणि तिथं नाव निघतं ते विद्यार्थ्याचं.

तुम्हाला ‘पैसे कुठून आले’ हे विचारतात ते यामुळेच. नियमानुसार ओळख एकदा पाहून भागत नाही. नंतरचे व्यवहार त्या ओळखीला शोभतात का, हेही पाहत राहावं लागतं. शंका आली तर एक्सचेंजला देशाच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाला अहवाल द्यावा लागतो, आणि असा अहवाल दिला हे ग्राहकाला सांगायला मनाई आहे. मदत विभाग ‘तपासणी सुरू आहे’ एवढंच पुन्हा पुन्हा लिहितो, त्याचं कारण कधीकधी हेच असतं. कधीकधी मात्र निव्वळ ढिसाळपणाच असतो, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं!

तुमच्या उत्तरासाठी: पैसे स्वतःच्याच नावाच्या बँक खात्यातून भरा, मित्राच्या किंवा भावाच्या खात्यातून आलेली रक्कम सहसा अडकते. पगार असेल तर पगारपत्रक आणि तो जमा झालेला दिसेल असं बँकेचं स्टेटमेंट द्या, तेही कापलेला स्क्रीनशॉट न देता पूर्ण पीडीएफमध्ये. क्रिप्टो दुसरीकडून आणलं असेल, तर त्या व्यवहाराचा हॅश, म्हणजे ब्लॉकचेनवरचा त्याचा ओळख-क्रमांक, आणि आधीच्या एक्सचेंजवरची काढल्याची नोंद द्या. सांगितलेली रक्कम आणि कागदावरची रक्कम जुळली, तर प्रश्न बहुतेक एका फेरीत मिटतो.

कागद गळतील ही भीती खरी आहे. शिवाय व्यवहाराच्या आणि ओळखीच्या नोंदी निदान पाच वर्षं ठेवायच्या असा एफएटीएफचा नियम आहे, त्यामुळे खातं बंद केलंत तरी त्या लगेच पुसल्या जाणार नाहीत. म्हणून चार एक्सचेंजांवर उगाच खाती उघडू नका. आणि कागद फक्त ॲपमध्ये किंवा स्वतः टाइप केलेल्या अधिकृत पत्त्यावरच चढवा. चॅटवर किंवा मेसेजमध्ये ‘केवायसी अधिकारी’ म्हणून पासपोर्ट मागणारा बहुधा तुमच्या नावावर म्यूल खातं उघडायला निघालेला असतो.