प्रवासाने नाही, परतल्यावर मोडणारा व्यायाम

“आठवड्यातून तीनदा जिमला जातो. पण कामासाठी महिन्यातून दोन-तीनदा बाहेरगावी जावं लागतं, हॉटेलात राहावं लागतं. घडी मोडते ती मोडतेच. परत आलो की पहिल्यापासून सुरुवात. असं किती दिवस चालणार?”

अगदी हाच प्रश्न घेऊन नाशकातल्या अंबडच्या एका कारखान्यातले सर्व्हिस इंजिनिअर माझ्याकडे आले होते. वय एकेचाळीस, गंगापूर रोडवरच्या जिमचे सभासद. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्यांची हकीकत सांगते.

मी त्यांना आधी मागच्या तीन महिन्यांची जिमची हजेरी आणि प्रवासाच्या तारखा शेजारी शेजारी लिहून आणायला सांगितल्या. तेरा आठवड्यांत व्यायामाच्या एकोणचाळीस पाळ्या व्हायला हव्या होत्या, झाल्या सोळा. बुडालेल्या तेवीसपैकी फक्त आठ प्रवासाच्या दिवशी होत्या. उरलेल्या पंधरा वेळी ते नाशकातच, स्वतःच्या घरी होते. कागदाकडे ते बराच वेळ बघत राहिले. “मॅडम, मी तर सगळा दोष सुरतच्या साइटला देत होतो.”

असं का होत होतं? त्यांचं वेळापत्रक वाराला बांधलेलं होतं: सोमवारी छाती, बुधवारी पाठ, शुक्रवारी पाय. बुधवारी सुरतला असले की पाठ राहायची. मग एक तर शुक्रवारी पाठ आणि पाय एकदम उरकायचे आणि पुढचे तीन दिवस जिना उतरताना कठड्याला धरायचे, नाहीतर “आता सोमवारपासून नीट” म्हणत आठवडाच सोडून द्यायचे. प्रवास दोन दिवसांचा, खंड दहा दिवसांचा.

म्हणून आम्ही पहिल्यांदा वारच काढून टाकले. जिममधल्या प्रशिक्षकांशी बोलून त्यांनी दोनच पाळ्या ठेवल्या, अ आणि ब. दोन्हींत पाय, ढकलणं आणि ओढणं थोडं थोडं होतं. नियम एवढाच, की शेवटची अ झाली असेल तर पुढची ब, मग मध्ये दोन दिवस जावोत की सहा. बुडालेली पाळी भरून काढायची नाही. या नियमाला ते सगळ्यात जास्त अडले, कारण भरपाई न करणं त्यांना कामचुकारपणा वाटत होता. पण कमावलेली ताकद टिकवायला ती कमावताना लागली त्याहून बरेच कमी सेट पुरतात. अट एकच, ते सेट जोर लावून केलेले असावेत. दोन-तीन आठवडे असे हलके गेले तरी ताकद फारशी उतरत नाही. दम त्याआधी कमी होतो, म्हणून जिना चढताना धाप लागते आणि माणसाला वाटतं सगळंच गेलं.

मग हॉटेलच्या खोलीसाठी वीस मिनिटांची पाळी ठरवली. मागचा पाय पलंगाच्या कडेवर ठेवून एका पायावर बैठका, पाय पलंगावर ठेवून जोर आणि भरलेली प्रवासी बॅग एका हाताने कमरेकडे ओढणं, प्रत्येकी तीन सेट. वजन कमी म्हणून खाली जाताना तीन आकडे मोजायचे आणि आणखी दोन-तीनच निघतील असं वाटलं की थांबायचं. श्वास रोखायचा नाही. उड्याही नाहीत, खालच्या खोलीत कोणीतरी झोपलेलं असतं.

पहिल्या दोन फेऱ्यांत हे फसलं. पहाटे सहाची वेळ धरली होती आणि साइटवर सातला पोचायचं असायचं. संध्याकाळी डीलरबरोबर जेवण. तेव्हा घड्याळ सोडून आम्ही एक क्षण पकडला: खोलीत शिरून बॅग ठेवली, बूट काढले की पलंगावर बसायच्या आधी पहिली बैठक. उशीर झाला असेल किंवा रात्रीच्या गाडीने झोप मोडली असेल, तर तिन्हींचा एकेकच सेट, सहा मिनिटांत आटोपणारा. त्यालाही वहीत पूर्ण पाळी म्हणून बरोबरची खूण. ही खूण मी मुद्दाम मागितली, कारण वहीत फुली दिसली की ते पुढचेही दिवस सोडून देत, हे त्यांच्याच कागदावर दिसलं होतं.

परतीसाठीही एक वाक्य ठरलं: नाशकात पोचल्यावर अठ्ठेचाळीस तासांच्या आत जिमचा उंबरा ओलांडायचा, वार कोणताही असो.

पुढच्या तेरा आठवड्यांत जिममध्ये सत्तावीस पाळ्या झाल्या, खोलीत सात, आणि पाच बुडाल्या. पाचही तापाच्या. तापात सहा मिनिटांचीसुद्धा पाळी करायची नाही, हे आधीच ठरलं होतं. जवळजवळ दोन आठवड्यांनी ते परत गेले तेव्हा नेहमीच्या साठ किलोऐवजी पन्नास किलोवर दोनच सेट बैठका मारून घरी आले. तिसऱ्या पाळीला साठ पुन्हा खांद्यावर होते. त्या संध्याकाळी त्यांनी मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं: “उद्या सुरत. पुढची ब.”