रजेचा अर्ज आणि काळांच्या रिकाम्या जागा: आधी तारीख ठरवा

प्रश्न: आठवीला काळांचा सराव म्हणून मुख्याध्यापकांना लिहिलेला रजेचा अर्ज दिला आणि क्रियापदांच्या जागा रिकाम्या ठेवल्या. ‘मला ताप ____ (ये)’ इथे मुलांनी ‘येतो’, ‘आला’, ‘आला आहे’, ‘आला होता’ असं सगळं लिहिलं, आणि ‘येतो’ सोडलं तर कशालाच चूक म्हणता येईना. शेवटच्या ‘मंजूर करावी’ला कोणता काळ लिहायचा, तेही कळेना. असा नमुना कसा लिहावा?

उत्तर:

मुलांनी फारसं काही चुकवलेलं नाही, जागाच मोकळी राहिली आहे. ‘मला ताप आला’, ‘आला आहे’, ‘आला होता’ ही तिन्ही वाक्यं शुद्ध आहेत. त्यांतलं योग्य कोणतं हे व्याकरण ठरवत नाही. अर्ज कधी लिहिला आणि ताप कधी आला, या दोन दिवसांमधलं नातं ते ठरवतं. अंगात ताप असताना लिहिणारा ‘आला आहे’ लिहील, बरा होऊन शाळेत परतलेला ‘आला होता’ लिहील. तुमच्या नमुन्यात वर तारीख नसेल, किंवा ‘दिनांक: ____’ अशी तीही रिकामी असेल, तर मुलाने उभं कुठं राहायचं?

म्हणून अशा नमुन्यात तारीख कधीही रिकामी ठेवू नये. वर अर्जाची तारीख आणि वार, विषयात रजेच्या तारखा, आणि शक्य तिथे रिकाम्या जागेजवळ एक कालवाचक शब्द, एवढं छापलेलं असलं की बहुतेक जागांना एकच उत्तर उरतं. मी वापरतो तो नमुना असा:

> दिनांक: ८ जुलै, मंगळवार
>
> प्रति,
> मा. मुख्याध्यापक,
> (शाळेचे नाव)
>
> विषय: आजारपणामुळे दि. ८ ते १० जुलै अशी तीन दिवसांची रजा मिळण्याबाबत.
>
> महोदय,
>
> मी आपल्या शाळेत इयत्ता आठवी ‘ब’मध्ये (१) ______ (शिक, एक शब्द). काल संध्याकाळी मला अचानक थंडी वाजून ताप (२) ______ (ये, एक शब्द). रात्री वडील मला डॉक्टरांकडे घेऊन (३) ______ (जा, एक शब्द). डॉक्टरांनी तपासून गोळ्या (४) ______ (दे, एक शब्द) आणि तीन दिवस विश्रांती घ्यायला (५) ______ (सांग, दोन शब्द). आज सकाळीही अंगात ताप (६) ______ (अस, एक शब्द). त्यामुळे दि. ८ ते १० जुलै मी शाळेत येऊ (७) ______ नाही (शक, एक शब्द).
>
> शुक्रवार, दि. ११ जुलै रोजी मी वर्गात हजर (८) ______ (राह, एक शब्द) आणि बुडालेला अभ्यास पुढील आठवड्यात पूर्ण (९) ______ (कर, एक शब्द).
>
> तरी मला वरील तीन दिवसांची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.
>
> आपला आज्ञाधारक विद्यार्थी / आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
> अ. ब. क.

कंसात धातू द्या, ‘येणे’, ‘देणे’ अशी रूपं नकोत, नाहीतर काही मुलं तीच जशीच्या तशी उतरवतात. शब्दसंख्या मात्र जरूर द्या. ती नसेल तर पहिल्या जागेत ‘शिकतो’ आणि ‘शिकत आहे’ दोन्ही बसतात आणि आठवीत ‘हजर राहीन’ आणि ‘हजर राहणार आहे’ दोन्ही. दोन्ही बरोबरच आहेत, पण तुम्हाला साध्या काळाचा सराव घ्यायचा असेल तर वाट आधीच बंद केलेली बरी.

आता उत्तरं. पहिलीत ‘शिकतो’ किंवा ‘शिकते’. लिहिणारा मुलगा की मुलगी यावर रूप बदलतं, म्हणून उत्तरसूचीत दोन्ही लिहून ठेवा. दुसरीत ‘आला’. इथे ‘काल संध्याकाळी’ने काम केलं. ठरलेल्या वेळी घडून गेलेली गोष्ट म्हटली की साधा भूतकाळ येतो. ‘काल संध्याकाळी’ खोडा, ‘एक शब्द’ही खोडा, की तुमची जुनी अडचण परत हजर. तिसरीत ‘गेले’, कारण वडिलांसाठी आदरार्थी बहुवचन. ‘गेला’ लिहिणारी मुलं काळ बरोबर ओळखतात, वचनात फसतात.

चौथी जागा मी मुद्दाम ठेवतो. डॉक्टरांनी गोळ्या ‘दिल्या’. सकर्मक धातू साध्या भूतकाळात आला की कर्त्याला सहसा ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो आणि क्रियापद कर्मामागे जातं. गोळ्या स्त्रीलिंगी अनेकवचनी, म्हणून ‘दिल्या’. ‘डॉक्टरांनी’ हा शब्द डोळ्यांसमोर असल्याने बरीच मुलं ‘दिले’ लिहितात. गोळ्यांच्या जागी ‘औषध’ छापलंत तर उत्तर खरोखरच ‘दिले’ होईल आणि ही चूक कधी उघडच पडणार नाही. कर्म निवडताना एवढं पाहावं.

पाचवीत ‘सांगितले आहे’. डॉक्टरांचं सांगणं काल झालं, पण विश्रांती अजून चालू आहे, म्हणजे त्या सांगण्याचा अंमल आजही आहे. पूर्ण वर्तमानकाळ शिकवायला अर्जातलं याहून सोयीचं वाक्य मला सापडलेलं नाही. ‘दोन शब्द’ म्हटल्यावर कुणी ‘सांगितले होते’ लिहिलं, तर त्याला विचारा, मग आता ते सांगणं लागू नाही का? सहावीत ‘आहे’. सातवीत ‘शकणार’: अर्ज आठ तारखेचा आहे आणि रजा दहापर्यंत, म्हणजे न येण्याचे दिवस पुढचे आहेत. ‘शकत नाही’ वाचायला खटकत नाही, तरी तारखा पाहिल्या तर ते फार तर आजच्या दिवसाला लागू पडतं. इथे मी अर्धा गुण देतो. शिवाय ‘येईन’चा नकार ‘येईन नाही’ असा होत नाही, तो ‘येणार नाही’ असा होतो, हे मुलांना सांगायला ही जागा कामी येते.

आठवीत ‘राहीन’. इथे ‘मी हजर राहील’ इतक्या वह्यांत सापडेल की काही वेळाने तुम्हालाच ते बरोबर वाटू लागेल. ‘राहील’ हे ‘तो’, ‘ती’ यांचं रूप. ‘मी’ला ‘राहीन’, ‘येईन’, ‘देईन’. नववीत ‘करीन’. ‘करेन’ही सर्रास लिहिलं जातं, मी दोन्ही ग्राह्य धरतो. ‘करेल’ मात्र नाही. आणि आठवीत कुणी ‘राहतो’ लिहिलं तर? ‘शुक्रवारी येतो’ असं आपण बोलताना म्हणतोच, जवळच्या भविष्यासाठी वर्तमानकाळ चालतो. पण मुख्याध्यापकांना लेखी हमी देताना भविष्यकाळच हवा. त्याला पूर्ण चूक ठरवू नका, समासात तसा शेरा लिहा.

‘मंजूर करावी’ची जागा मी रिकामी ठेवत नाही, छापूनच देतो. तो काळ नाहीच. क्रियापदाच्या रूपावरून जसा काळ कळतो तसा बोलणाऱ्याचा हेतूही कळतो, त्याला व्याकरणात अर्थ म्हणतात. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे ते चार. ‘करावी’ हा विध्यर्थ, इथे विनंतीसाठी आलेला. त्याला भूत, वर्तमान किंवा भविष्य असं लेबल लावायला सांगितलं तर मुलं ‘भविष्यकाळ’ म्हणतील, कारण रजा अजून मिळायची आहे. तर्क वाईट नाही, उत्तर चुकीचं. ती जागा ठेवायचीच असेल तर ‘योग्य अर्थाचे रूप लिहा’ असा वेगळा प्रश्न करा. तिथे ‘रजा मंजूर करा’ लिहिणाऱ्याला आज्ञार्थ आणि विध्यर्थ यांतला फरक लगेच दाखवता येतो: रूप शुद्ध आहे, पण विद्यार्थी मुख्याध्यापकांना हुकूम सोडतो आहे.

गुण देताना प्रत्येक जागेचा एक गुण दोन अर्ध्यांत तोडा, अर्धा काळाचा, अर्धा लिंग-वचन-पुरुषाचा. ‘दिले’, ‘गेला’, ‘मी राहील’ लिहिणाऱ्या मुलाला काळ कळलेला असतो. त्याला शून्य दिलं तर वर्गाला काळ येत नाहीत असा तुमचा चुकीचा समज होईल आणि पुढचा तास भलत्याच गोष्टीवर जाईल.

या नमुन्याचा खरा उपयोग मात्र दुसऱ्या फेरीत आहे. तोच अर्ज द्या, जागा भरलेला, आणि फक्त वरची तारीख बदला: ११ जुलै, शुक्रवार. आता मुलगा बरा होऊन आला आहे आणि अर्ज मागाहून देतो आहे. जिथे लागेल तिथे बदल करायला सांगा. विषयात ‘रजा मिळण्याबाबत’च्या जागी ‘गैरहजेरी रजा म्हणून मंजूर होण्याबाबत’ येतं. ‘काल संध्याकाळी’ आता चालत नाही, ‘सोमवारी संध्याकाळी’ लिहावं लागतं, ‘आज सकाळीही’ची ‘मंगळवारी सकाळीही’ होते. ‘सांगितले आहे’चं ‘सांगितले होते’, ‘आहे’चं ‘होता’, ‘शकणार नाही’चं ‘शकलो नाही’ किंवा ‘शकले नाही’. ‘शुक्रवारी हजर राहीन’ हे वाक्य मोडून ‘आज मी वर्गात हजर झालो आहे’ असं करावं लागतं. मुलगी असेल तर ‘झाले आहे’. मधली ‘आला’, ‘गेले’, ‘दिल्या’ तशीच राहतात, कारण ती दोन्ही तारखांच्या मागेच आहेत. ‘शिकतो’ला धक्का लागत नाही, अभ्यास अजूनही पुढच्या आठवड्यातच ‘पूर्ण करीन’, आणि ‘मंजूर करावी’ही जागची हलत नाही. काय बदललं यापेक्षा काय बदललं नाही आणि का, हे मुलांना तोंडी सांगायला लावा. ‘मंजूर करावी’ हा काळ का नाही, ते त्यांना तिथे आपसूक दिसतं.

एक सूचना राहिली. घरच्या लग्नासाठी आधीच मागितलेल्या रजेचा नमुना बरेच जण निवडतात, कारण तो सुटसुटीत असतो. पण त्यात जवळजवळ सगळं पुढे घडणारं: लग्न होणार आहे, गावी जाणार आहोत, मी येऊ शकणार नाही, परत येईन. भूतकाळाला जागाच मिळत नाही, मिळाली तर ‘निमंत्रण आले आहे’ एवढ्यापुरती. फक्त भविष्यकाळाचा सराव घ्यायचा असेल तर तो ठीक आहे. तिन्ही काळ हवे असतील तर आजारपणाचाच घ्या, आणि अर्जाची तारीख आजाराच्या मधोमध पडेल अशी ठेवा.