दोन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला नेमके किती टक्के?

*प्रश्न: मी घरी शिवणकाम करते. लग्नसराईच्या आधी दोन मशिन घ्यायला एक लाख रुपये हवेत. बँक १६ टक्क्यांनी द्यायला तयार आहे, पण २,३६० रुपये प्रोसेसिंगचे कापणार आणि दहा-बारा दिवस लागणार. ओळखीतले एक काका उद्याच देतो म्हणतात, दोन रुपये शेकडा. फेड बारा महिने, महिन्याला १०,३३३. भाऊ म्हणतो हे २४ टक्के झाले, बँकेपेक्षा थोडंच जास्त, घेऊन टाक. घेऊ का?*

ताई, भावाने बाराने गुणलं ते बरोबर आहे, पण हिशोब तिथे संपत नाही. तुम्ही लिहिलेल्या हप्त्याने हे कर्ज वर्षाला जवळपास ४२ टक्क्यांना पडतं.

शेकडा दोन म्हणजे शंभर रुपयांवर महिन्याला दोन रुपये. लाखावर महिन्याला २,०००, वर्षाला २४,०००. लाख रुपये वर्षभर तुमच्याकडेच राहिले, दर महिन्याला फक्त व्याज दिलं आणि मुद्दल शेवटी एकदम परत केलं, तर दर २४ टक्के हे म्हणणं योग्य आहे. भावाच्या डोळ्यासमोर हाच व्यवहार आहे. तुमचा व्यवहार मात्र वेगळा आहे, कारण तुम्ही मुद्दलही दर महिन्याला फेडणार आहात.

तुमचा हप्ता फोडून बघा. लाखाचे बारा भाग केले की ८,३३३ रुपये मुद्दल आणि त्यावर २,००० व्याज, मिळून १०,३३३. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे पूर्ण लाख असतात, तेव्हा २,००० व्याज म्हणजे खरोखर दोन रुपये शेकडा. सहा हप्ते गेल्यावर तुमच्याकडे काकांचे ५०,००० उरतात, व्याज तरीही २,०००, म्हणजे शेकडा चार. आणि बाराव्या महिन्यात बाकी असते फक्त ८,३३३ रुपयांची. त्यावर पुन्हा २,०००. त्या एका महिन्यापुरता दर शेकडा चोवीस रुपये होतो! वर्षभरात सरासरी निम्म्याहून जरा जास्तच रक्कम तुमच्या हातात असते, आणि व्याज मात्र पूर्ण लाखाचं जातं. म्हणून दर २४ च्या दुपटीच्या जवळ सरकतो.

नेमका आकडा मोबाइलमधल्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये काढता येतो. एका रिकाम्या चौकोनात हे लिहा:

```
=RATE(12,-10333,100000)*12
```

पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा हप्ता (तुमच्याकडून जाणारा, म्हणून उणे), तिसरा हातात आलेली रक्कम. उत्तर ०.४१७ च्या आसपास येईल, म्हणजे ४१.७ टक्के. तिसऱ्या आकड्याकडे विशेष लक्ष द्या. तिथे कागदावरची रक्कम लिहायची नाही, हातात मोजून मिळालेली लिहायची. काकांनी पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून ९८,००० दिले आणि पुढचे बाराही हप्ते पूर्ण घेतले, तर दर ४२ च्याही वर जातो.

आता बँकेलाही हीच फूटपट्टी लावू. १६ टक्क्यांनी लाखाचा बारा महिन्यांचा हप्ता ९,०७३ येतो, कारण बँक दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरते. वर्षाचं व्याज सुमारे ८,८७६. त्यात २,३६० मिळवले की एकूण खर्च ११,२३६. प्रोसेसिंगचे पैसे आधीच कापले जात असल्याने हातात ९७,६४० येतील, आणि वरचं सूत्र त्या रकमेवर चालवलं तर बँकेचा खरा दर १६ नसून साधारण २०.६ टक्के निघतो. बँकेच्या जाहिरातीतल्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नका. तरीही काकांकडे २४,००० आणि बँकेत ११,२३६, म्हणजे फरक १२,७६४ रुपयांचा.

तेव्हा प्रश्न असा आहे: मशिन बारा दिवस उशिरा आल्याने तुमचा १२,७६४ रुपयांचा निव्वळ नफा बुडणार आहे का? ऑर्डरची रक्कम धरू नका. कापड, अस्तर, मदतनीस बाईंचे पैसे वजा जाऊन हातात उरणारा नफा धरा. तुमच्या ऑर्डर मी पाहिलेल्या नाहीत, पण घरगुती कामात बारा दिवसांत एवढा फरक पडणं मला अवघड वाटतं. मी तुमच्या जागी असते तर बँकेची फाइल आजच दिली असती आणि मशिनवाल्याकडे थोडी आगाऊ रक्कम देऊन मशिन बाजूला ठेवायला सांगितलं असतं.

काकांना नकार देणं जड जात असेल तर एकच विचारा: "व्याज दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर धराल का?" हो म्हणाले तर त्याच दोन रुपये शेकड्याने हप्ता ९,४५६ होतो आणि वर्षाचं व्याज १३,४७२. बँकेच्या एकूण खर्चापेक्षा हे फक्त २,२३६ जास्त आहे. दर तोच, पण व्याज कशावर धरलं एवढ्यानेच दहा हजारांहून जास्त फरक पडला. जोडीला हेही विचारा की सहा महिन्यांनी सगळे पैसे एकदम दिले तर पुढच्या सहा महिन्यांचं व्याज माफ आहे ना. अशा व्यवहारात बऱ्याचदा ते माफ नसतं, आणि मग लवकर फेडून तुम्हाला काहीच मिळत नाही.

अगदी थोड्या दिवसांसाठी मात्र चित्र उलटं होऊ शकतं. लाख रुपये फक्त एक महिना हवे असते तर काकांचे २,००० लागले असते आणि बँकेचे व्याज व प्रोसेसिंग मिळून सुमारे ३,७००. पण तिथेही महिना सुरू झाला की पूर्ण महिन्याचं व्याज घेतात का, हे विचारावं लागतं. घेत असतील तर चाळीस दिवसांचे ४,००० होतात आणि दर साडेछत्तीस टक्क्यांवर जातो.

शेवटची गोष्ट कायद्याची. महाराष्ट्रात व्याजाने पैसे देण्याचा धंदा करायचा तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवाना लागतो, आणि परवानाधारक सावकाराचे कमाल दर शासनाने ठरवून दिले आहेत. शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्के, म्हणजे शेकडा दीड रुपया. तारण असेल तर १५ टक्के, म्हणजे सव्वा रुपया. शेतकऱ्याला विनातारण १२ टक्के, म्हणजे शेकडा एक रुपया, आणि तारणावर ९ टक्के, म्हणजे पाऊण रुपया. काका हा धंदा म्हणून करत असतील तर त्यांचे दोन रुपये या सगळ्या दरांच्या वर आहेत. परवाना आहे का, हे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात विचारता येतं. आणि घ्यायचंच ठरलं, तर कोरा चेक किंवा कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही देऊ नका, रक्कम खात्यात घ्या आणि प्रत्येक हप्ताही खात्यातूनच द्या.