व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिल्यावर आयएनआर का चढत नाही (आमच्या अण्णांचा अनुभव)

प्रश्न: "कराडहून लिहितोय. आईचा मायट्रल व्हॉल्व्ह बदललाय, मेटलचा. मागच्या आठवड्यात रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आयएनआर ७ च्या पुढे गेला, हिरड्यांतून रक्त आलं, म्हणून एका दवाखान्यात व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं. आज सहावा दिवस. रक्त पातळ करणारी असिट्रॉमची गोळी २ मिलिग्रॅमची ३ केली तरी आयएनआर १.४ च. गोळ्या बनावट असतील का? पालेभाजी तर आम्ही घरात आणतच नाही."

दादा, बाकीचं नंतर वाचा. आधी आईंच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा आणि दोन गोष्टी सांगा: आज आयएनआर १.४ आहे, आणि सहा दिवसांपूर्वी के दिलंय, इतके मिलिग्रॅम. मेटलच्या मायट्रल व्हॉल्व्हला आयएनआर साधारण २.५ ते ३.५ लागतो. १.४ वर व्हॉल्व्हवर गुठळी धरण्याची भीती असते. मधल्या दिवसांत गुठळी रोखायला पोटात हेपरिनची इंजेक्शनं द्यायची का, हे त्यांनी ठरवायचं आणि आजच ठरवायचं. मी डॉक्टर नाही. सांगलीत बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, बाबतीत अगदी यातूनच गेले आहे.

गोळ्या बनावट असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. अण्णांच्या वेळी आम्हीही दुकान बदललं होतं, काही फरक पडला नाही.

"व्हिटॅमिन के मुळे रक्त गोठतं" असं आपण सरसकट म्हणतो, तिथेच घोटाळा होतो. प्रोथ्रॉम्बिन, आणि फॅक्टर सात, नऊ, दहा ही प्रथिनं यकृतात तयार होतात आणि रक्तात निष्क्रिय रूपात फिरतात. जखम झाली की एकाने दुसऱ्याचा ठरावीक जागी तुकडा पाडायचा, मग तो जागा होऊन पुढच्याचा पाडतो: सात दहाला, दहा प्रोथ्रॉम्बिनला. प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन झालं की ते फायब्रिनचं जाळं विणायला घेतं. हे तुकडे पाडणं के करत नाही. के चं काम त्याच्या कितीतरी आधी, यकृतातच संपलेलं असतं. तिथे या प्रथिनांच्या एका टोकाच्या ग्लुटामेटवर एकेक जादा कार्बोक्सिल गट बसवला जातो, प्रोथ्रॉम्बिनवर असे दहा. आमच्या मार्केट यार्डातले हमाल हळदीच्या पोत्याला आकडा लावतात, तसा हा आकडा समजा. त्यात कॅल्शियम अडकतं आणि त्याच्या आधाराने प्रथिन प्लेटलेटच्या पृष्ठभागावर बसतं. आकडा नसेल तर प्रथिन रक्तात असतं, पण कापणाऱ्याच्या जवळ टिकतच नाही. पृष्ठभागावर पूर्ण जुळणी झाली की प्रोथ्रॉम्बिन कापण्याचा वेग सुमारे ३ लाख पट होतो, म्हणजे आकड्याशिवाय ते जवळपास निरुपयोगीच.

आता गोळी काय करते ते बघा. आकडा बसवताना प्रत्येक वेळी के खर्ची पडून त्याचा इपॉक्साइड होतो, आणि एक एन्झाइम त्याला पुन्हा कामाचा करतो. म्हणून रोज थोड्याशा के वर भागतं. असिट्रॉम किंवा वॉरफेरिन हा परतफेरा अडवतं. पण यकृतात दुसरी एक वाट आहे. भरपूर के आला तर दुसरा एन्झाइम त्याला थेट कामाला लावतो आणि त्या वाटेला ही गोळी अडवत नाही. शिरेतून १० मिलिग्रॅम एकदम दिलं की तो साठा संपेपर्यंत यकृत आकडे बसवत राहतं, गोळी कितीही घ्या. रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये असते, यावरून १० मिलिग्रॅम म्हणजे किती ते लक्षात येईल.

आमच्याकडे झालं ते असं. अण्णांना जुलाब लागले, जेवण तुटलं आणि दुकानातून विचारून मेट्रोनिडाझोल आणलं. ते या गोळीचा असर वाढवतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. आयएनआर ६.८ झाला, हिरड्यांतून थोडं रक्त, दंडावर निळे डाग. एका दवाखान्यात नेलं, तिथे इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी आयएनआर १.२. आम्ही सुटकेचा श्वास टाकून घरी आलो. डिस्चार्ज कार्डावर फक्त "उपचार दिले" असं होतं. कोणतं इंजेक्शन, हे विचारायला मी दोनदा काउंटरवर गेले. फाइल रेकॉर्डला गेली, अर्ज द्या, साहेब सोमवारी येतील. सोमवारी साहेब नव्हते. हा राग अजून जात नाही माझा, कारण पुढचं सगळं त्या एका ओळीवर अवलंबून होतं.

मिरजेच्या डॉक्टरांना के दिल्याचं कळलंच नाही. पाचव्या दिवशी १.३ बघून त्यांनी हेपरिन सुरू केलं आणि गोळी २ ची ३ केली. आठव्या दिवशी १.५, म्हणून ४. अकराव्या दिवशी २.१. आम्हाला वाटलं, आता जमलं. चौदाव्या दिवशी ५.९! मधे के चा साठा संपला होता आणि ४ ची गोळी आता पुरी लागू पडत होती. उलगडा झाला तो औषधांच्या बिलावरून. "फायटोमेनाडायोन १० मिग्रॅ" असं त्यावर होतं, म्हणजेच व्हिटॅमिन के. ते बिल पहिल्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये होतं, ते मी डॉक्टरांना दाखवलं नाही. दवाखान्यावर चिडणं सोपं आहे, पण ही चूक माझी. तुम्ही आजच बिल काढून बघा.

म्हणून रोजच्या रोज गोळी वाढवायला डॉक्टरांच्या मागे लागू नका. गोळी रक्तात आधीच फिरत असलेल्या प्रथिनांना हात लावत नाही, फक्त नवी बिनआकड्याची येतात. जुनी आपापल्या वेळेने संपतात: फॅक्टर सात ६ तासांत निम्मा होतो, प्रोथ्रॉम्बिनला मात्र ६० तासांच्या वर लागतात. आज वाढवलेल्या गोळीचा पुरा असर कळायला काही दिवस जातात. शिवाय आयएनआर आधी चढतो तो मुख्यतः सात घटल्यामुळे. गुठळीपासून खरं संरक्षण प्रोथ्रॉम्बिन उतरल्यावर मिळतं, म्हणून आयएनआर पहिल्यांदा रेंजमध्ये आला की त्याच दिवशी हेपरिन बंद करा असा आग्रह आपण धरू नये.

ठळक रक्तस्राव नसताना ७ च्या आसपासच्या आयएनआरला एवढा मोठा डोस देऊ नये असं माझं ठाम मत झालंय. बहुतेक वेळा गोळी थांबवून परत तपासतात. मोठा रक्तस्राव किंवा डोक्याला मार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हा डोस लागतो. तुमच्या आईंना नेमकं किती रक्त येत होतं ते मला माहीत नाही, त्यामुळे त्या डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणत नाही.

पालेभाजीबद्दल मात्र वाद घालेन. पूर्ण बंद करू नका. घरात के जवळजवळ येतच नसेल तर एका लग्नाच्या पंगतीतली पालकाची भाजी, किंवा दोन दिवसांचे जुलाब, एवढ्यानेही आयएनआर हलतो. अण्णांना आता आठवड्यातून तीनदा मेथी किंवा शेपू, वाटी ठरलेली, आणि त्या हिशोबाने गोळी बसवली आहे. डॉक्टरांना विचारून, आयएनआर स्थिर झाल्यावरच सुरू करा, या गोंधळात नको.

आणि तपासणीला रक्त देताना निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली का ते बघा. त्यात सायट्रेट असतं, ते याच आकड्यांसाठी लागणारं कॅल्शियम बांधून ठेवतं. नऊ भाग रक्ताला एक भाग असं प्रमाण ठरलेलं आहे. नळी अर्धी राहिली तर सायट्रेट जादा होतं आणि आयएनआर खोटा जास्त येतो. आईंच्या बाबतीत तसं झालं असेल तर खरा आयएनआर १.४ च्याही खाली असू शकतो. डॉक्टरांशी बोलताना हेही सांगा, आणि ते काय म्हणाले ते इथे लिहा, मी रात्री बघते.