गव्हाचे भाव: किलो, क्विंटल आणि टनाचा हिशेब

गावातला व्यापारी खळ्यावरून २४ रुपये ६० पैसे किलोने गहू मागतोय. बाजार समितीत २,५५० चा भाव सांगतात. फ्लोअर मिलचा एजंट २५,९०० रुपये टन म्हणतो. माझ्याकडे ४० क्विंटल लोकवन आहे. कुणाला द्यावा? (वाचक, निफाड)

तिन्ही भाव आधी क्विंटलवर आणा. हमाली, तोलाई आणि हमीभाव क्विंटलच्याच भाषेत चालतात, म्हणून तेच माप सोयीचे. किलोच्या भावाला १०० ने गुणायचे, म्हणजे व्यापाऱ्याचे २,४६० झाले. टनाच्या भावाला १० ने भागायचे, म्हणजे मिलचे २,५९०. बरेच जण इथेच गडबडतात, कारण मालाचे रूपांतर नेमके उलट चालते: ४० क्विंटलचे किलो करताना गुणायचे (४,०००), पण क्विंटलच्या भावाचा किलोचा भाव काढताना भागायचे. माप लहान झाले की आकडा वाढतो आणि भाव घटतो.

आता वरवर मिल सर्वांत महाग घेणारी दिसते. पण तुम्ही चिठ्ठीत खर्चही कळवला आहे, तो त्याच मापात आणू. बाजार समितीपर्यंत गाडीभाडे टनाला ७०० म्हणजे क्विंटलला ७०, हमाली-तोलाई १५. हाती २,४६५. मिलपर्यंत भाडे टनाला १,१०० म्हणजे क्विंटलला ११०, उतराई १०, शिवाय मिल क्विंटलमागे एक किलो कडता कापते, तो २५ रुपये ९० पैशांचा. हाती उरतात २,४४४ रुपये १० पैसे. व्यापाऱ्याचे २,४६० मात्र पूर्ण, कारण पोती भरायला आणि उचलायला माणसे त्याची.

४० क्विंटलचे पैसे असे येतात: व्यापाऱ्याकडून ९८,४००, बाजार समितीत ९८,६००, मिलमध्ये ९७,७६४. बाजार समिती पुढे आहे, पण फक्त २०० रुपयांनी. एवढ्यासाठी मी दिवस मोडणार नाही. शिवाय तिथला २,५५० हा तुमच्या मालाला मिळालेला भाव नाही, ऐकीव भाव आहे. व्यापारी रोख देत असेल आणि काटा तुमच्यासमोर होत असेल तर गहू त्याला द्या. भाडे टनावर न ठरता अख्ख्या टेम्पोचे ठरले असेल, तर ते प्रत्यक्ष भरलेल्या क्विंटलांनी भागा. अर्धी गाडी नेली तर क्विंटलमागचे भाडे दुप्पट होते आणि बाजार समितीचा फायदा तिथेच संपतो.

भुईकाट्याच्या पावतीवर निव्वळ वजन ४,८३० किलो आहे. व्यापाऱ्याने वहीत ४८.३ लिहिले आणि हिशेब करताना "४८ क्विंटल ३ किलो" धरले. बरोबर आहे का? (वाचक, येवला)

नाही. ४८.३ क्विंटल म्हणजे ४८ क्विंटल ३० किलो. ४८ क्विंटल ३ किलो लिहायचे तर ४८.०३ लिहावे लागते. क्विंटलात १०० किलो असल्यामुळे दशांश चिन्हानंतर नेहमी दोन आकडे लिहून घ्यावेत, ४८.३०. मग वाद उरत नाही. तुमचा २७ किलोंचा फरक पडला आहे. २४ रुपये ६० पैशांच्या भावाने तो ६६४ रुपयांचा. टनात लिहिताना हीच काळजी तीन आकड्यांची: ४.८३० टन. कुणी ४.८ वर थांबला तर ३० किलो गेले.

पण व्यापाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगतो. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की जे उरते त्यात बारदानाही असतो. तुम्ही ९६ ज्यूटची पोती लिहिली आहेत. ५० किलोचे नवे ज्यूट पोते साधारण ५८० ग्रॅमचे असते, म्हणजे सगळी मिळून जवळपास ५६ किलो. त्याने हे वजन मागितले तर ती लूट नव्हे. फक्त "पोत्यामागे एक किलो" असे ठोकून कापू देऊ नका. दहा रिकामी पोती एकत्र काट्यावर ठेवा आणि सरासरी काढा. प्लॅस्टिकच्या गोण्या असतील तर वजन याहून बरेच कमी भरते, त्यांना ज्यूटचा हिशेब लावू देऊ नये.

गुजरातमधल्या बाजारांचे भाव मोबाईलवर येतात, त्यात गहू ५१५ ते ५४० दिसतो. तिकडे इतका स्वस्त कसा? (वाचक, नवापूर)

स्वस्त नाही, तो २० किलोंचा भाव आहे. राजकोट, गोंडलकडे धान्याचा भाव मणावर बोलतात आणि तिकडचा मण २० किलोंचा. पाचने गुणा: २,५७५ ते २,७०० रुपये क्विंटल. आपल्याकडची जुनी माणसे मण ४० किलोंचा धरतात आणि अडीचने गुणतात, मग उत्तर तेराशेच्या आसपास येते आणि घरात चर्चा सुरू होते.

आलेले उत्तर हमीभावाशेजारी ठेवून पाहायची सवय लावा. २०२५-२६ च्या रब्बी खरेदी हंगामाला गव्हाचा हमीभाव २,४२५ रुपये क्विंटल होता, २०२६-२७ साठी २,५८५ आहे. बाजार यापेक्षा शे-दोनशेने खाली-वर असू शकतो. निम्मा किंवा दुप्पट आकडा आला तर बहुधा मापच चुकलेले असते.

एकाच बाजाराची आवक एका ठिकाणी ३१२ आणि दुसऱ्या ठिकाणी ३१.२ दिसते. खरी कोणती? (वाचक, जालना)

दोन्ही. राज्याच्या पणन मंडळाच्या तक्त्यात आवक क्विंटलमध्ये असते, तर केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटवर ती टनात दिली जाते. भाव मात्र दोन्हीकडे क्विंटलचाच. एकाच ओळीत आवक टनात आणि भाव क्विंटलला, म्हणून उलाढाल काढायला थेट गुणाकार केला तर रक्कम दहापट कमी येईल.

सोसायटीत आम्ही शेतकऱ्याकडून ३,६०० रुपये क्विंटलने गहू घेणार आहोत. दुकानात २६ किलोंचा कट्टा १,०६६ ला मिळतो. फायदा किती? (वाचक, पुणे)

दुकानाचा भाव ४१ रुपये किलो पडतो, शेतकऱ्याचा वरवर ३६. पण पोच करायला क्विंटलमागे २५० रुपये लागतात असे तुम्ही म्हणता, आणि शेतातला गहू चाळून-निवडून क्विंटलला दोन किलो खडे-काडी निघाली असे धरू. तेव्हा ३,८५० ला ९८ ने भागा. किलोला ३९ रुपये २९ पैसे होतात, बचत पावणेदोन रुपयांच्या आसपास.

कट्टा २६ किलोंचा का, हेही तुम्ही विचारले होते. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी लागला आणि एक किलो वाढवून कट्टे बाजारात आले. म्हणून कट्ट्याची किंमत २५ ने नव्हे, छापलेल्या वजनाने भागायची. आणि कट्ट्यात कोणता वाण आहे तो वाचा. तो मध्य प्रदेशचा शरबती आणि शेतकऱ्याचा लोकवन असेल, तर किलोचे भाव बरोबर काढूनही तुलना जुळणार नाही.