महिन्याचा हप्ता की वर्षाचा एकरकमी भरणा: नेमकं स्वस्त काय?

प्रश्न: घरच्या चौघांचा आरोग्य विमा काढतोय. वर्षाला एकदम भरले तर २४,००० आणि महिन्याला भरले तर २,१२०. एजंट म्हणतो, "फरक फक्त सहा टक्क्यांचा आहे, महिन्यानंच भरा." जिमचंही तसंच, वर्षाचे ९,००० किंवा महिन्याला १,०००. आमचं उत्पन्न ऊस आणि दुधाचं, गाव कागलजवळ. काय परवडेल?

उत्तर: दादा, सहा टक्के हा आकडा खोटा नाही, पण तो अर्धवट आहे. बारा हप्त्यांचे २५,४४० होतात, म्हणजे १,४४० जास्त. ते २४,००० वर सहा टक्के होतात हे खरं. पण कंपनीनं तुम्हाला २४,००० वर्षभर उधार दिलेलेच नाहीत. पहिला हप्ता तुम्ही पहिल्याच दिवशी भरता, म्हणजे उधारी सुरू होते ती २१,८८० ची, आणि दर महिन्याला ती कमी होत जाते. शेवटी शेवटी तर दोनेक हजारच उरलेले असतात. सरासरी काढली तर साधारण बारा हजार रुपये अकरा महिने वापरल्याचं ते व्याज आहे. मोबाइलवर शीट उघडून हे टाका:

```
=RATE(11,-2120,21880)*12
```

उत्तर जवळजवळ १३ टक्के येईल. शीट नको असेल, तर एजंट सांगेल त्या टक्क्यांची दुप्पट करून थोडे वर धरा.

आता या १३ टक्क्यांची तुलना तुमच्या पैशाशी करा. उसाचं बिल येऊन बचत खात्यात पडून असेल, तर वर्षाचा भरणाच स्वस्त, कारण त्या पैशावर बँक एवढं व्याज कधीच देणार नाही. पण एकरकमी भरण्यासाठी क्रेडिट कार्डाची बाकी पुढे ढकलावी लागणार असेल, तर त्याचं व्याज वर्षाला ३० टक्क्यांच्याही वर जातं. तिथं महिन्याचा हप्ताच बरा.

व्याजापेक्षा मला जास्त काळजी वेगळीच वाटते. वार्षिक विम्याला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत मिळते, मासिक हप्त्याला फक्त १५. तुमचा हप्ता ऑटोपेवर असणार. दुधाचं बिल दहा-दहा दिवसांनी येतं, म्हैस आटली की ते घटतं, आणि नेमक्या त्या तारखेला खात्यात पैसे नसले तर हप्ता परत जातो. पंधरा दिवसांतही भरला नाही, तर पॉलिसी बंद पडते. मग नवी काढावी लागली, की आधीपासूनच्या बीपी-शुगरसाठीचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो, आणि तो तीन वर्षांपर्यंत असतो. १,४४० रुपयांपेक्षा हे नुकसान कितीतरी मोठं. म्हणून मासिक घ्यायचंच असेल, तर त्या खात्यात दोन हप्त्यांएवढी रक्कम कायम राहू द्या. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेचा संदेश येतो, तो दुर्लक्षित करू नका.

आणखी एक. "हप्ते कधीही थांबवता येतात" असं कुणी सांगितलं तर पॉलिसीची अट वाचा. तिसऱ्या हप्त्यानंतर ऑपरेशन झालं आणि क्लेम केला, तर उरलेले नऊ हप्ते, म्हणजे १९,०८० रुपये, क्लेमच्या रकमेतून वळते करून घेण्याचा हक्क कंपन्या सहसा राखून ठेवतात. अडचणीच्या वेळी हातात तेवढे पैसे कमी येतात.

माझं मत: सध्या घरात कुणाचाच विमा नसेल, तर हंगामाची वाट पाहत थांबू नका, आज मासिक सुरू करा. विमा आधीच असेल, तर नूतनीकरणाला वार्षिक करून घ्या. त्यासाठी उसाचं बिल आलं की २४,००० वेगळे काढून नूतनीकरणाच्या तारखेपर्यंतच्या मुदत ठेवीत टाका. भरण्याची पद्धत नूतनीकरणाच्या वेळी बदलून घेता येते.

जिमचं गणित मात्र उलटं आहे. विम्याचं संरक्षण बाराही महिने चालू असतं. जिमचा उपयोग तुम्ही जाल तेवढाच. ९,००० ला १,००० ने भागा, नऊ आले. म्हणजे नऊ महिने नक्की जाणार असाल तर दोन्ही सारखंच, दहावा महिना गेलात तर वार्षिक स्वस्त. आपल्याकडे जून ते ऑगस्ट पाऊस आणि शेतीची कामं, नोव्हेंबरपासून तोडणी. त्यातून नऊ महिने उरतात का, हे तुम्हीच सांगा. मासिक घेऊन खंड पडला, तर परत येताना नोंदणी फी पुन्हा घेतात का, आणि वार्षिक घेतलं तर मधले महिने पुढे ढकलता येतात का, हे आधी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. यातलं काहीच मिळत नसेल, तर पहिले तीन महिने मासिकच भरा. या जिमची तिमाही योजना असेल तर तिचा दर इथं टाका, हिशोब करून सांगतो.